एकाच आलेखावरून चार सरासऱ्या : कमाल-किमान तापमानाचे वाचन आणि त्याचा हिशोब

प्रश्न : मी विज्ञान शिकवते. आमच्या वर्गाने चुंबकाने खुणा सरकवण्याच्या कमाल-किमान तापमापीवर रोज सकाळी आठ वाजता नोंद घेऊन सोमवार ते रविवार असा सात दिवसांचा आलेख काढला. गुरुवारी नोंद झाल्यावर किमानाची खूण पूर्ववत करायची राहिली, म्हणून शुक्रवारचे किमान तापमान आलेखात घेतलेले नाही. आठवड्याचे सरासरी तापमान काढायला सांगितले तेव्हा मुलांची चार उत्तरे आली : २१.५, २२.७, २२.८ आणि २३.० अंश. यांतले कोणते बरोबर? शिवाय बुधवारची आमची सरासरी २३.७५ आली, पण शेजारी लावलेल्या इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्राने त्याच दिवसाची २२.६ दाखवली. असे का? (आलेखाचे आणि नोंदयंत्राच्या पडद्याचे छायाचित्र जोडले आहे.)

उत्तर :

बरोबर उत्तर २२.८ अंश सेल्सिअस हे आहे. मात्र ते सहा दिवसांचे आहे, सात दिवसांचे नाही, आणि वहीत तसे स्पष्ट लिहिले पाहिजे. उरलेली तिन्ही उत्तरे तीन वेगवेगळ्या चुकांतून आलेली आहेत आणि त्यांपैकी एकही चूक बेरीज-भागाकाराची नाही. मी अनेक वर्षे हवामानाच्या नोंदवह्या तपासण्याचे काम केले आहे. हीच तीन उत्तरे मोठ्या माणसांनी भरलेल्या तक्त्यांतही मला पुन्हा पुन्हा भेटलेली आहेत, त्यामुळे प्रत्येक उत्तर कुठून आले ते उलगडून दाखवणे मला आवश्यक वाटते.

सुरुवात आलेखाच्या वाचनापासून करू. आपल्या आलेखात उभ्या अक्षावर १०, १५, २०, २५, ३०, ३५ असे आकडे आहेत आणि दोन आकड्यांच्या मध्ये दहा लहान चौकोन आहेत. पाच अंशांचे दहा भाग म्हणजे एक लहान चौकोन अर्ध्या अंशाचा. हे प्रमाण वाचनाला बसण्यापूर्वी मुलांनी आलेखाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावे, कारण सर्वांत मोठी चूक इथेच होते. सोमवारचा कमाल तापमानाचा बिंदू २५ च्या रेषेवर आठ चौकोन चढलेला आहे. ज्याला लहान चौकोन म्हणजे दशांश असे वाटते तो हे तापमान २५.८ वाचतो, ज्याला चौकोन म्हणजे एक अंश वाटतो तो ३३ वाचतो, आणि खरे वाचन २५ अधिक आठ अर्धे, म्हणजे २९.० अंश आहे. पडताळा अगदी सोपा आहे. आपण मानलेल्या प्रमाणाने दहा चौकोन चढून पाहावे आणि छापलेल्या पुढच्या आकड्यावर पोहोचतो का ते बघावे. दशांशाच्या प्रमाणाने २५ वरून दहा चौकोन चढल्यावर २६ येतात, तर तिथे छापलेले आहेत ३०. म्हणजे प्रमाण चुकले.

उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, तो दहापासून सुरू होतो, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. वाचनावर त्याचा परिणाम होत नाही, पण नजरेवर होतो. सोमवारचा कमाल बिंदू तळापासून किमान बिंदूच्या जवळजवळ चौपट उंचीवर दिसतो आणि म्हणून दिवस रात्रीच्या चौपट गरम होता असे मुले सहज लिहून जातात. उंचीची तुलना करायची नाही, फक्त आकडा वाचायचा.

वाचताना पट्टी बिंदूच्या मध्यावर, आडव्या रेषेला समांतर ठेवून डाव्या अक्षापर्यंत न्यावी. बिंदू ठळक काढला असेल तर त्याची जाडी एका चौकोनाएवढी भरते, म्हणून वरची किंवा खालची कड न घेता मध्यच घ्यावा. शिवाय कमाल बिंदूंना जोडणारी रेषा आणि किमान बिंदूंना जोडणारी रेषा ही केवळ नजरेच्या सोयीसाठी असते. मंगळवार आणि बुधवार यांच्या मधोमध त्या रेषेवर जे तापमान वाचता येते, ते कोणत्याही क्षणी तिथे नव्हते. खरे तापमान त्या मधल्या काळात वरच्या रेषेवरून खालच्या रेषेपर्यंत उतरून पुन्हा वर चढलेले असते. त्यामुळे अर्थ फक्त बिंदूंना आहे, रेषांना नाही.

आपल्या छायाचित्रावरून मी केलेली वाचने अशी आहेत :

| वार | कमाल | किमान | दिवसाची सरासरी |
|---|---|---|---|
| सोमवार | २९.० | १५.० | २२.० |
| मंगळवार | ३०.५ | १५.५ | २३.० |
| बुधवार | ३१.० | १६.५ | २३.७५ |
| गुरुवार | २४.५ | १९.५ | २२.० |
| शुक्रवार | २७.० | नोंद नाही | काढता येत नाही |
| शनिवार | २९.५ | १७.० | २३.२५ |
| रविवार | ३०.० | १६.० | २३.० |

दिवसाची सरासरी म्हणजे त्या दिवसाचे कमाल आणि किमान तापमान यांची बेरीज भागिले दोन. सहा दिवसांच्या सरासऱ्यांची बेरीज १३७.० होते, तिला सहाने भागले की २२.८३३ आणि एका दशांश स्थळापर्यंत २२.८.

आता बाकीची उत्तरे पाहू. ज्या मुलाचे २३.० आले, त्याने आठवड्यातले सर्वांत जास्त तापमान, बुधवारचे ३१.०, आणि सर्वांत कमी, सोमवारचे १५.०, घेऊन त्यांची बेरीज दोनाने भागली. दिवसासाठी शिकवलेली रीत त्याने आठवड्याला तशीच लावली. उत्तर खऱ्या उत्तराच्या इतके जवळ आले हा निव्वळ योग आहे. एखाद्या दिवशी एकदाच थंडीची लाट येऊन किमान तापमान ९ अंशांवर गेले असते, तर या रीतीने आठवड्याची सरासरी एकदम २०.० आली असती, जरी उरलेले दिवस होते तसेच राहिले असते. दोनच बिंदूंना सगळा आठवडा बोलू देणारी ही रीत आहे. महिन्याच्या तक्त्यात महिन्याचे टोकाचे कमाल आणि टोकाचे किमान हे आकडे वेगळ्या रकान्यांत मुद्दाम लिहितात, पण त्यांची सरासरी काढत नाहीत.

२१.५ हे उत्तर रिकाम्या जागेचे शून्य केल्यामुळे आलेले आहे. शुक्रवारी किमान नाही, म्हणून मुलाने २७.० अधिक शून्य भागिले दोन, म्हणजे १३.५ ही शुक्रवारची सरासरी धरली आणि सातने भागले. १३७.० मध्ये १३.५ मिळवून सातने भागले की बरोबर २१.५ येतात. ही चूक गंभीर आहे, कारण शून्य अंश हे एक तापमान आहे, पाणी गोठण्याचे तापमान आहे, ते ‘काहीच नाही’ याचे चिन्ह नव्हे. जिथे हिवाळ्यात खरोखर शून्य अंश नोंदले जाते तिथल्या वहीत रिकामी जागा आणि शून्य यांत गल्लत झाली तर नंतर ती शोधूनही सापडत नाही. म्हणून न मिळालेल्या नोंदीच्या जागी आडवी रेघ मारावी किंवा ‘नोंद नाही’ असे शब्दांत लिहावे. जाता जाता, तापमान शून्याखाली असेल तर चिन्हासकट बेरीज करायची असते : कमाल ५ आणि किमान उणे ३ असेल तर सरासरी १ येते, ४ नव्हे.

आता २२.७. हे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण ते काढणाऱ्या मुलीने बरेच विचारपूर्वक काम केलेले आहे. तिने सात कमाल तापमानांची सरासरी काढली : २०१.५ भागिले सात, म्हणजे २८.७९. मग उपलब्ध असलेल्या सहा किमान तापमानांची सरासरी काढली : ९९.५ भागिले सहा, म्हणजे १६.५८. रिकाम्या जागेला तिने शून्य धरले नाही, भाजक योग्य घेतला, आणि शेवटी दोन्ही सरासऱ्यांची सरासरी काढली तेव्हा २२.६९ म्हणजे २२.७ आले. सगळे दिवस पूर्ण असते तर ही रीत अचूक ठरली असती. रोजची सरासरी आधी काढून मग त्यांची सरासरी घ्या, किंवा कमाल आणि किमान यांच्या सरासऱ्या आधी काढून मग त्यांची सरासरी घ्या, उत्तर एकच येते. पण हे तेव्हाच खरे असते जेव्हा दोन्ही बाजूंना तेच दिवस असतात. इथे कमालांच्या सरासरीत शुक्रवार आहे आणि किमानांच्या सरासरीत नाही.

या एका दिवसाने काय केले ते बघा. उरलेल्या सहा दिवसांची कमालांची सरासरी २९.०८ आहे. शुक्रवारचे २७.० त्यापेक्षा बरेच कमी असल्यामुळे त्याने कमालांची सरासरी २८.७९ पर्यंत खाली ओढली. शुक्रवारची पहाट ढगाळ असल्यामुळे त्या दिवशीचे किमान बहुधा इतर दिवसांपेक्षा जास्त असणार, आणि ते हिशोबात आले असते तर त्याने दुसरी बाजू वर उचलून ही घट भरून काढली असती. ते नसल्यामुळे शुक्रवारचा फक्त गार अर्धा भाग हिशोबात शिरला. जोडीतला एक आकडा नसेल तर दुसराही सरासरीतून बाजूला ठेवायचा, हा नियम त्यासाठीच आहे. शुक्रवारचे २७.० तक्त्यात राहते, आलेखावर राहते, फक्त सरासरीच्या हिशोबात येत नाही. तिच्या रीतीने सहाच दिवस घेतले तर २९.०८ आणि १६.५८ यांची सरासरी २२.८३ येते, म्हणजे दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात. हे फळ्यावर करून दाखवावे.

इथे एखादा मुलगा म्हणेल की २२.७ आणि २२.८ यांत फरक तो किती, वाचताना थोडे इकडेतिकडे झाले असेल. ही शंका आकड्यांनीच दूर करावी. सहा दिवसांच्या सरासरीत एकूण बारा वाचने आहेत. त्यांपैकी एका वाचनात अख्ख्या लहान चौकोनाची, म्हणजे अर्ध्या अंशाची चूक झाली तर आठवड्याच्या सरासरीत ०.५ भागिले १२, म्हणजे सुमारे ०.०४ अंशाचा फरक पडतो. दोन उत्तरांतला खरा फरक २२.८३ आणि २२.६९ यांच्यातला, जवळजवळ ०.१५ आहे. तो वाचनातून यायचा तर तीन-चार बिंदू एका पूर्ण चौकोनाने आणि तेही एकाच दिशेला चुकले पाहिजेत. पट्टी तिरकी धरली तर तसे होऊ शकते, पण मग तिच्या तक्त्यातले आकडेच वेगळे दिसले असते. तक्ते सारखे आणि उत्तर वेगळे असेल तर दोष हिशोबाच्या रीतीत शोधावा, आणि तक्तेच वेगळे असतील तर वाचनात.

वर्गात २२.९ असे पाचवे उत्तरही निघू शकले असते. बुधवारचे २३.७५ कोणी लगेच २३.८ केले आणि शनिवारचे २३.२५ लगेच २३.३ केले, तर बेरीज १३७.१ होते, सहाने भागल्यावर २२.८५ येतात आणि पुन्हा पूर्णांकन केले की २२.९. दोनदा वरच्या बाजूला पूर्णांकन झाल्याने उत्तर सरकले. मधले आकडे जसे येतील तसे ठेवून पूर्णांकन फक्त शेवटच्या उत्तरात, एकदाच करावे. आणि अर्ध्या अंशाच्या चौकोनांवरून वाचलेल्या तापमानांची सरासरी २२.८३३ अशी लिहू नये, कारण त्या शेवटच्या दोन आकड्यांना आलेखाचा आधार नाही.

आता नोंदयंत्राच्या प्रश्नाकडे वळू. २३.७५ आणि २२.६ हे दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. नोंदयंत्र चोवीस तासांतले तापमान ठरावीक अंतराने टिपते आणि त्या सगळ्या नोंदींची सरासरी काढते. कमाल-किमान सरासरी ही दिवसाच्या फक्त दोन टोकांच्या मधला बिंदू असते. तापमान जितका वेळ या मध्यबिंदूच्या वर राहते तितकाच वेळ आणि तितकेच खाली राहिले असते, तरच दोन्ही आकडे जुळले असते.

बुधवार नेमका कसा होता ते आपण जोडलेल्या नोंदयंत्राच्या पडद्यावरच्या नोंदींतून दर तीन तासांची एक उचलून पाहू. मध्यरात्री १८.५, पहाटे तीनला १७.५, सहाला १६.५, नऊला २२.०, दुपारी बाराला २८.५, तीनला ३१.०, संध्याकाळी सहाला २५.५ आणि रात्री नऊला २१.५. या आठांची बेरीज १८१.० आणि सरासरी २२.६. आता २३.७५ या मध्यबिंदूच्या वर किती नोंदी आहेत ते मोजावे. बारा, तीन आणि सहाच्या, फक्त तीन. उरलेल्या पाच त्याच्या खाली आहेत. निरभ्र दिवशी सूर्योदयानंतर तापमान झपाट्याने चढते, दुपारी दोन-तीनच्या सुमारास शिखर गाठते, आणि सूर्य मावळल्यावर जमीन उष्णता बाहेर टाकत राहते तसे रात्रभर सावकाश उतरत जाते. किमान तापमान मध्यरात्री येत नाही, बहुधा सूर्योदयाच्या आसपास येते, कारण तोपर्यंत जमिनीची उष्णता जातच असते आणि भर पडत नसते. अशा प्रकारे गरम शिखर अरुंद आणि गार भाग रुंद असल्यामुळे दोन टोकांची सरासरी खऱ्या सरासरीपेक्षा जास्त भरते. बुधवारी हा फरक एका अंशाहून थोडा अधिक होता. गुरुवारसारख्या ढगाळ दिवशी, जेव्हा कमाल आणि किमान यांत पाचच अंशांचे अंतर असते, तेव्हा अशा फरकाला फारशी जागाच उरत नाही. नोंदयंत्राची गुरुवारची सरासरी काढून वर्गाने हे स्वतः पडताळून पाहावे.

हा फरक जुन्या निरीक्षकांनाही माहीत होता. १७८० च्या दशकात जर्मनीतील मॅनहाइम येथून चालवल्या गेलेल्या निरीक्षणांच्या जाळ्यात सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊ या ठरलेल्या वेळा होत्या. त्या वेळांवर बेतलेली एक रीत पुढे मध्य युरोपात दीर्घकाळ चालली. तिच्यात रात्री नऊची नोंद दोनदा धरतात आणि एकूण बेरजेला चारने भागतात, म्हणजे रात्रीच्या रुंद भागाला त्याचे वजन मिळते. आपल्या बुधवारी नोंदयंत्रावर सातला १८.०, दोनला ३०.५ आणि रात्री नऊला २१.५ आहेत. १८.० अधिक ३०.५ अधिक दोन वेळा २१.५, म्हणजे ९१.५, भागिले चार, म्हणजे २२.९. तीनच वेळा तापमापी पाहून यंत्राच्या २२.६ च्या इतके जवळ पोहोचता येते, हे मुलांना दाखवण्यासारखे आहे.

मग कमाल-किमान सरासरी शिकवायचीच कशाला, असे आपण विचाराल. तिचे कारण व्यवहारातले आहे. दिवसातून एकदाच तापमापीपाशी जाऊन दोन्ही आकडे मिळतात, आणि त्यामुळे जगभरातल्या जुन्या दैनिक नोंदी प्रामुख्याने याच दोन आकड्यांच्या आहेत. अट एवढीच की तुलना करताना रीत बदलू नये. या आठवड्याची कमाल-किमान सरासरी आणि पुढच्या आठवड्याची नोंदयंत्राची सरासरी शेजारी ठेवली, तर हवा काहीही न बदलता गार झालेली दिसेल.

सरासरीच्या रकान्याशेजारी तापमानकक्षेचा, म्हणजे कमाल वजा किमान असा, आणखी एक रकाना घालावा अशी माझी आग्रहाची सूचना आहे. सोमवार आणि गुरुवार या दोन्ही दिवसांची सरासरी २२.० आहे. पण सोमवारची कक्षा १४ अंश आणि गुरुवारची ५ अंश. सोमवारी आकाश मोकळे होते, दिवसा ऊन लागले आणि रात्री उष्णता सुटून गेली. बुधवारच्या रात्रीपासून ढग आले, त्यांनी रात्रीची उष्णता अडवली आणि गुरुवारी ऊन अडवले. नुसत्या सरासरीत हे दोन दिवस जुळे वाटतात.

तारखांबद्दल एक पडताळा मी करून पाहिला, कारण सकाळी आठच्या नोंदीत हमखास घोटाळा होतो. सकाळी आठला तापमापीवर दिसणारे किमान त्या दिवशी पहाटेचे असते, पण कमाल आदल्या दिवशी दुपारचे असते. दोन्ही आकडे नोंदीच्या तारखेखाली लिहिले तर कमालाची सगळी रेषा एक दिवस पुढे सरकते, आणि मग एका दिवसाची सरासरी ही दोन वेगळ्या दिवसांच्या तुकड्यांची होते. आपल्या आलेखात बुधवारचे कमाल ३१.० आहे आणि नोंदयंत्रानेही बुधवारीच दुपारी तीनला ३१.० टिपले आहेत, म्हणजे आपल्या वर्गाने कमाल आदल्या दिवशी लिहिण्याची काळजी घेतलेली आहे. नोंदयंत्र नसते तरी गुरुवारकडे पाहून अंदाज आला असता. ढगांमुळे कमाल खचणे आणि किमान वर येणे हे दोन्ही त्याच स्तंभात दिसते. खळगा एका दिवशी आणि उंचवटा दुसऱ्या दिवशी असता, तर मी आधी तारखांवर संशय घेतला असता.

आता राहिला शुक्रवार, आणि इथे आपल्याला कदाचित गेलेली नोंद परत मिळू शकेल. आपल्याकडची तापमापी यू आकाराच्या नळीची असावी. जेम्स सिक्स या इंग्रज संशोधकाने १७८० च्या सुमारास तयार केलेली ही रचना आजही बऱ्याच प्रयोगशाळांत दिसते. तिच्या किमानाच्या बाजूचे आकडे उलटे, वरून खाली वाढत जाणारे असतात. हवा गार होते तसा त्या बाजूचा पारा वर चढतो आणि लोखंडी खुणेला वर ढकलतो. हवा पुन्हा तापली की पारा उतरतो, खूण मात्र तिथेच अडकून राहते. वाचायचे ते खुणेचे खालचे, पाऱ्याकडचे टोक. वरचे टोक वाचले तर खुणेच्या लांबीएवढी, म्हणजे काही अंशांची चूक होते. मी स्वतः शिकाऊ असताना आठवडाभर वरचे टोक वाचले होते, आणि किमान रोज जवळपास तेवढ्याच अंशांनी कमी येते आहे हे दुसऱ्या तापमापीशी ताडल्यावरच लक्षात आले.

खूण पूर्ववत केली नाही म्हणजे नोंद वाया गेली, असे नसते. अशी खूण शेवटच्या वेळी सरकवल्यापासूनचे सर्वांत कमी तापमान दाखवते. गुरुवारी सकाळी आठला ती १९.५ वर होती आणि तिथेच राहिली. त्यानंतर शुक्रवारी पहाटे तापमान १९.५ च्या खाली गेले असेल, तर पाऱ्याने खूण आणखी वर ढकलली असेल, आणि तिच्यावर दिसलेला आकडा हे शुक्रवारचे खरे किमान आहे. शुक्रवारी पहाटे तापमान १९.५ च्या खाली गेलेच नसेल, तर खूण १९.५ वरच दिसली असेल, आणि तेव्हा आपल्याला एवढेच कळते की शुक्रवारचे किमान १९.५ किंवा त्याहून जास्त होते. कमालाची खूण मात्र त्या दिवशी नक्की पूर्ववत झाली होती. ती राहिली असती तर बुधवारच्या ३१.० वरच अडकली असती आणि गुरुवारचे २४.५ आपल्याला मिळालेच नसते.

म्हणून शुक्रवारी सकाळी नोंद घेणाऱ्या मुलांच्या कच्च्या वहीत किमानाच्या खुणेचा आकडा लिहिलेला आहे का ते पाहावे. समजा तिथे १८.५ आहेत. मग शुक्रवारची सरासरी २२.७५ होते, सात दिवसांची बेरीज १५९.७५ होते आणि आठवड्याची सरासरी २२.८२, म्हणजे पुन्हा २२.८, आणि या वेळी ती पूर्ण सात दिवसांची. तिथे १९.५ असतील तर शुक्रवारची सरासरी किमान २३.२५ असणार, म्हणून सात दिवसांची सरासरी २२.९ किंवा त्याहून थोडी जास्त असणार एवढेच म्हणता येते. तेव्हा शुक्रवारची जागा रिकामीच ठेवून सहा दिवसांचे २२.८ लिहावे आणि खाली हे कारण नोंदवावे. वहीत आकडाच नसेल तर गुरुवारचे १९.५ आणि शनिवारचे १७.० जोडणाऱ्या रेषेवरून शुक्रवारचे १८.२५ वाचण्याचा मोह काही मुलांना होईल. तसे केलेच तर तो आकडा कंसात टाकून त्यापुढे ‘अंदाजे’ लिहावे, म्हणजे तक्ता पुढे कोणी वापरला तर मोजलेले आकडे कोणते आणि मानलेला कोणता ते त्याला कळेल.